खाते वडिलांचे, गाणी आईची : निधनानंतर संगीताच्या खात्याचे काय करावे?

“माझे यजमान चार महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्या फोनवर त्यांनी स्वतः लावलेल्या गाण्यांच्या याद्या आहेत आणि रात्री त्या ऐकल्याशिवाय मला झोप येत नाही. मुलगा म्हणतो, दर महिन्याला पैसे जातात, खाते बंद करून टाकू. बंद केले तर गाणी जातील का? आणि गेलेल्या माणसाचे खाते असे चालू ठेवणे बरोबर आहे का?”

आपल्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत : पैसे भरून घेतलेली योजना, खाते आणि त्या खात्यात साठलेल्या याद्या. एक थांबवली म्हणजे बाकीच्या दोन आपोआप जातात, असे नाही. पुण्यातील एका कुटुंबात हीच गफलत झाली होती आणि त्यातून आई व मुलगा एकमेकांशी बोलेनासे झाले होते. ओळख पटेल असे तपशील बदलून त्यांची हकीकत सांगतो.

वडील निवृत्त अभियंता होते. स्पॉटिफाय या गाणी ऐकण्याच्या सेवेची कुटुंब योजना त्यांच्या नावावर होती आणि तीत पत्नी, मुलगा व सून हे सदस्य होते. वर्गणी त्यांच्या बचत खात्यातून यूपीआयच्या ऑटोपे सोयीने जात असे. निधनानंतर दर महिन्याला, पैसे कापण्याच्या आदल्या दिवशी, त्यांच्या फोनवर बँकेचा संदेश येई. अशी पूर्वसूचना किमान चोवीस तास आधी द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. वडिलांचे व्यवहार मुलगा पाहत असल्यामुळे तो संदेश त्याच्याच वाचनात येई. पुढे त्याने मृत्यूचा दाखला बँकेत दिला, खात्यातील व्यवहार थांबले आणि पुढच्या तारखेला वर्गणी गेली नाही. काही दिवसांत योजना संपली आणि मुख्य सदस्याचीच योजना संपल्यामुळे घरातील सगळ्यांची खाती एकाच वेळी विनाशुल्क झाली.

काकू रात्री वाय-फाय बंद करून, यजमानांच्याच फोनवर उतरवून ठेवलेली गाणी ऐकत. उतरवलेली गाणी केवळ सशुल्क योजनेत वाजतात. त्यामुळे त्या रात्री यादी दिसत होती, पण एकही गाणे लागेना. दुसऱ्या दिवशी वाय-फाय सुरू करून पाहिले, तेव्हा एका अभंगानंतर मोठ्या आवाजात जाहिरात लागली. “यांची गाणी पुसली गेली,” असे त्यांनी ठरवून टाकले आणि दोष मुलाला दिला. मुलाला तर “पैसे भरता आले नाहीत, तपशील अद्ययावत करा” अशी वडिलांच्या नावाने ईमेलवर येणारी पत्रे असह्य झाली होती. खाते कायमचे बंद करण्याच्या पानापर्यंत तो पोहोचला होता. सुनेने त्याला थांबवले आणि तिघे माझ्याकडे आले.

गाणी पुसली गेली नव्हती. योजना संपल्यावर स्पॉटिफायचे खाते विनाशुल्क होते आणि याद्या व आवडती म्हणून खूण केलेली गाणी त्यात तशीच राहतात. खाते बंद केले तर मात्र याद्या जातात, आणि बंद केल्यानंतर ते परत सुरू करण्यासाठी येणारा दुवा केवळ सात दिवस चालतो. म्हणून पहिल्या बैठकीत मी एवढेच सांगितले की, याद्यांची नक्कल होईपर्यंत खात्याला हात लावायचा नाही, फोनवरून खात्यातून बाहेर पडायचे नाही, फोन नव्याने कोरा करायचा नाही आणि सिमकार्ड चालू ठेवायचे. सिमचा आग्रह काहींना जास्तीचा वाटतो. परंतु पासवर्ड बदलायचा झाल्यास पत्र ईमेलवर येते, ईमेल उघडण्यासाठीचा संकेतांक बहुधा फोनवर येतो आणि प्रीपेड क्रमांक नव्वद दिवस वापरात नसला तर तो बंद होऊन पुढे दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. अनेक घरांत हा क्रमांकच सर्वांत आधी सोडला जातो आणि मग बाकीची कुलुपे उघडत नाहीत.

नक्कल करण्याचे काम एका रविवारी मुलाने आईला शेजारी बसवून केले. तीही माझीच अट होती, कारण कोणती यादी कशासाठी होती हे तिलाच माहीत होते. येथे एक बारकावा आहे. वडिलांची यादी आईच्या खात्यात नुसती जतन केली, तर ती मूळ यादीकडे बोट दाखवणारी खूण असते; मूळ खाते गेले की तीही जाते. म्हणून संगणकावर आईच्या खात्यातून वडिलांची यादी उघडून, तिच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतील Add to other playlist हा पर्याय वापरून, आईच्या नावाची नवी यादी तयार करावी लागते. Liked Songs ही आवडती म्हणून खूण केलेल्या गाण्यांची यादी नेहमीसारखी नसून ज्याची त्यालाच दिसते. ती वडिलांच्या खात्यातून संगणकावरच्या ॲपमध्ये उघडून, सगळी गाणी Ctrl+A ने निवडून, आधी एका साध्या यादीत टाकली आणि मग त्या यादीची नक्कल केली.

गाणी आली, पण एक गोष्ट आली नाही आणि काकूंच्या ती लगेच लक्षात आली. मूळ यादीत प्रत्येक गाण्यापुढे ते कधी घातले याची तारीख होती. नक्कल केल्यावर सगळ्या गाण्यांपुढे त्या रविवारची तारीख लागली. यजमान रुग्णालयात असताना त्यांनी कोणती गाणी घातली, हे मूळ यादीवरून कळत होते. नकलेवरून कळत नव्हते. यावर उपाय आहे. खात्याच्या गोपनीयता विभागातून आपल्या माहितीची प्रत मागवता येते, ती काही दिवसांनी ईमेलवर मिळते आणि त्या फायलींत याद्या तारखांसह असतात. मुलाने ती प्रत मागवली, शिवाय पडद्यावरच्या याद्यांची छायाचित्रे घेऊन आईसाठी छापून आणली. मला स्वतःला छापील कागद अधिक उपयोगी वाटला, कारण तो वाचायला कोणाची मदत लागत नाही.

आणखी एक यादी करड्या रंगाची दिसत होती. त्यातील गाणी सेवेची नव्हतीच. वडिलांनी जुन्या कॅसेटवरून संगणकावर उतरवलेल्या, त्यांच्या आईच्या ओव्या होत्या. अशा स्वतःच्या फायली सेवेच्या खात्यात साठत नाहीत, केवळ यादीत त्यांची नावे दिसतात. मूळ ध्वनिफायली वडिलांच्या लॅपटॉपवर होत्या आणि तो लॅपटॉप भाच्याला देण्याचे ठरले होते. सेवेवरची इतर गाणी आज ना उद्या कोठेतरी मिळाली असती, परंतु या ओव्यांची दुसरी प्रत जगात कोठेही नव्हती. त्या दोन वेगळ्या ड्राइव्हवर घेतल्यानंतरच लॅपटॉप घराबाहेर गेला.

मग पैशांचा प्रश्न. योजना वडिलांच्या खात्यातून रीतसर रद्द करताच ती पत्रे थांबली. बँकेने व्यवहार थांबवले होतेच. ज्यांच्या बँकेत ते अजून थांबलेले नसतील, त्यांनी गेलेल्या व्यक्तीचा यूपीआय पिन वापरून काही करू नये, बँकेला कळवावे. फोनमधून ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, आणि ती गूगल प्ले किंवा ॲपलमार्फत घेतलेली असेल तर तेथूनच रद्द करावी लागते. पुढे मुलाने स्वतःच्या नावावर कुटुंब योजना घेऊन आईला तीत सदस्य केले. कुटुंब योजनेतील सदस्याला दुसऱ्या कुटुंब योजनेत बारा महिन्यांतून एकदाच जाता येते, म्हणून आईला कोणाच्या योजनेत घ्यायचे हे घाईत न ठरवता त्यांनी आधी आपसात बोलून घेतले, हे बरे झाले.

ॲपल म्युझिक किंवा यूट्यूब म्युझिक वापरणाऱ्यांना थोडा फरक पडेल. ॲपलने २०२१ च्या अखेरीस ‘वारस संपर्क’, म्हणजे आपल्या निधनानंतर खात्यातील माहिती मिळणारी व्यक्ती, नेमण्याची सोय आणली, परंतु त्या मार्गाने छायाचित्रे, टिपणे वगैरे मिळतात. विकत घेतलेले संगीत आणि वर्गणी मिळत नाही. यूट्यूब म्युझिकच्या याद्या गूगल खात्यात असतात आणि दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक गूगल खाते कंपनी काढून टाकू शकते. तेथे नक्कल करण्याचे काम अधिक तातडीचे आहे.

बरोबर की चूक, हे आपण विचारले आहे. सेवेच्या अटींप्रमाणे खाते व्यक्तिगत असते, ते वारसाच्या नावावर होत नाही. म्हणून रोजचे ऐकणे आपल्या खात्यातून व्हावे, असे मी सुचवतो. याला घरगुती कारणही आहे. त्या कुटुंबात नातवाने आजोबांच्या फोनवर बालगीते लावली, तेव्हा काही दिवसांत त्यांच्या खात्यात सुचवली जाणारी गाणी बदलली आणि काकूंना ते फार लागले. जे खाते जसे होते तसे पाहावेसे वाटते, त्यावर इतरांनी गाणी लावू नयेत.

राहिले रात्रीचे ऐकणे. चार महिन्यांत ते आजाराचे लक्षण मानण्याचे मला कारण दिसत नाही. मानसोपचारातील निकषही दीर्घकालीन शोकाचे निदान इतक्या लवकर करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा महिन्यांची अट आहे आणि अमेरिकन निकषांत प्रौढांसाठी बारा महिन्यांची. गाणी न लागल्यास रात्रभर डोळा लागत नसेल, जेवण सुटले असेल, माणसे टाळली जात असतील किंवा दिवसाही फोन हातातून ठेववत नसेल, तर मात्र तेवढे महिने न थांबता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

मुलाला नेमके काय नको आहे, हे त्याला एकदा विचारा. त्या घरातील मुलाला वडिलांच्या नावाने येणारी पत्रे नको होती आणि आईला याद्या हव्या होत्या. योजना रद्द केल्यावर आणि नक्कल झाल्यावर दोघांची भांडणे थांबली, कारण ‘खाते बंद करा’ आणि ‘बंद करू नका’ यापैकी काहीच करण्याची गरज उरली नव्हती. वडिलांचे विनाशुल्क खाते त्यांनी तसेच ठेवले आहे, आणि ते बंद करण्याची वेळ आली तर ईमेल खाते त्यानंतरच बंद करायचे, असे ठरले आहे.