मालकांच्या वाचनात येईल असा आठवड्याचा रिपोर्ट

प्रश्न: दर आठवड्याला स्टेटस रिपोर्ट पाठवतो पण स्पॉन्सर वाचतच नाहीत. प्रगती, रिस्क आणि त्यांच्याकडून हवे असलेले निर्णय एवढंच नीट दिसेल असा फॉरमॅट कुणाकडे आहे का?

मी बेळगावात उद्यमबागेत एका कास्टिंग युनिटमध्ये ईआरपी बसवायचं काम बघतोय. सुरुवातीला मी पण सात पानी एक्सेल पाठवायचो, पन्नासेक कामं, प्रत्येकापुढं टक्के आणि रंग. त्यात तिसाव्या ओळीला लिहिलेलं, "ओपनिंग स्टॉक मोजणी, तारीख ठरायची आहे". ती ओळ चार आठवडे तशीच पिवळी राहिली आणि 1 जानेवारीचं गो-लाइव्ह गेलं. मालकांनी बोलावून विचारलं, "तू मला विचारलंस कधी?" मी म्हटलं रिपोर्टमध्ये होतं की हो. तर म्हणाले, "ते तू सांगितलंस, विचारलं नाहीस." बरोबरच होतं, काय बोलणार.

तेव्हापासून एकच पान, आणि सगळ्यात वर प्रगती नाही, निर्णय. आमचे दोन पार्टनर, मोठ्यांना कन्नड सोयीचं, धाकट्यांना मराठी, म्हणून रिपोर्ट इंग्रजीत जातो पण वाक्यं अशी की फोनवर कुणालाही वाचून दाखवता यावीत. मार्चमध्ये त्याच मोजणीसाठी जे लिहिलं ते मराठीत सांगतो:

"निर्णय हवा: स्टॉक मोजायला प्लांट कधी बंद ठेवायचा? अ) शनिवार-रविवार 21-22 मार्च पूर्ण बंद, मोजणी एकदाच, पण शनिवारचं प्रोडक्शन जाणार. ब) दोन रविवारी अर्धं-अर्धं, प्रोडक्शन वाचतं, पण मोजून झालेल्या भागातला माल मधल्या आठवड्यात हलला की नोंद हातानं ठेवायची, तिथं चुका होणार. आमचं मत अ. उत्तर बुधवार 11 मार्च संध्याकाळपर्यंत. त्यानंतर गो-लाइव्हला 1 एप्रिल जमणार नाही, 1 मे धरावी लागेल."

अकरा मार्चच का, तर कस्टमरच्या डिस्पॅचच्या तारखा मागंपुढं करायला आणि मोजणीला माणसं ठरवायला दहा दिवस लागतात. तारीख अशी मागून मोजत आणायची आणि कारण तयार ठेवायचं, नुसतं "लवकरात लवकर" लिहिलं की कुणी हलत नाही. त्या दिवशी मालकांचं उत्तर अर्ध्या तासात आलं, फक्त "अ". एका आठवड्यात दोनच्या वर निर्णय मी मागत नाही, जास्त असले तर छोटे निर्णय मॅनेजरकडंच मिटवतो. छोट्या, नंतर बदलता येणाऱ्या गोष्टीला "शुक्रवारपर्यंत उत्तर नाही आलं तर अमुक धरून चालतो" असं लिहिलं तर चालतं, पण पैसे किंवा प्रोडक्शन बंद ठेवायचा विषय असला तर तसं कधी लिहू नका.

प्रगतीत टक्के बंद केले, कारण 90 टक्के झालेलं काम आमच्याकडं दीड महिना 90 टक्केच होतं. आता पाच-सहा टप्पे फक्त, प्रत्येकाला ठरलेली तारीख, आजच्या अंदाजाची तारीख, आणि मोजता येईल असं काहीतरी, म्हणजे "1840 पैकी 1510 आयटम तपासून झाले". मागच्या आठवड्यात हा आकडा 1490 होता म्हटलं की वेग कमी झालाय हे मालकांना न सांगता कळतं. ठरलेली तारीख गुपचूप बदलायची नाही, दोन्ही तारखा शेजारी राहू देत. रंगाचा पण नियम बांधून घेतलाय, तारीख हलली नाही तर हिरवा, हलली पण आम्हीच सावरू शकतो तर पिवळा, वरच्यांच्या मदतीशिवाय सुटत नसेल तर लाल. नाहीतर कलिंगडासारखं होतं बघा, वरून हिरवंगार आणि कापलं की लाल.

रिस्क तीनच. "डेटा चुकू शकतो" असलं लिहून काही उपयोग नाही. आम्ही लिहिलं, "मशीनिंगला बाहेर दिलेल्या मालाची जुनी चलनं बंद केलेली नाहीत, त्यामुळं तो माल मोजणीत सुटला तर पहिल्याच महिन्यात स्टॉक जुळणार नाही. स्टोअरवाले 16 मार्चपर्यंत प्रत्येक जॉबवर्कवाल्याकडून सही घेतायत, 14 ला निम्म्या सह्या नसतील तर आम्ही स्वतः जाणार." म्हणजे कारण, नुकसान, कोण काय करतंय आणि बिघडायला लागलं हे ओळखायची खूण. 14 ला खरंच निम्म्याच्या खाली होत्या, दोघं स्कूटर घेऊन दोन दिवस फिरलो.

खाली मागचे निर्णय तारखेसकट तीन-चार ओळीत राहतात, मागाहून "हे कुणी ठरवलं" असा वाद होत नाही. बाकीचं एक्सेल टीमसाठी ठेवा, मागितलं तरच द्या. आणि लाल काही असलं तर रिपोर्टच्या दिवसाची वाट बघू नका, आधी फोन करा, कागदावर ते नंतर येऊ दे.