चोरपावलांनी निघून जावं का?

प्रश्न : आमची मुलगी दहा महिन्यांची आहे. पुढच्या महिन्यात माझी रजा संपते आणि ती डेकेअरला जायला लागेल. अगदी अलीकडेपर्यंत ती कोणाकडेही जायची. आता मी बाथरूममध्ये गेले तरी रांगत दाराशी येते आणि रडते. सध्या सासूबाई आमच्याकडे आहेत, पण महिन्याभरात त्या भारतात परत जातील. त्या म्हणतात, "तिचं लक्ष नसताना सटकत जा. तू जाताना दिसलीस की ती रडते." खरंच, तसं केलं की ती लगेच रडत नाही. मग डेकेअरला सोडतानाही तसंच करू का? आणि आम्ही तिला फार अंगावर ठेवलं म्हणून हे झालं का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते : नाही. तुमच्या मुलीचं वय तिला जे करायला लावतं, तेच ती करते आहे.

चार-पाच महिन्यांच्या बाळासमोर खुळखुळा ठेवून त्यावर रुमाल टाकला, तर ते बहुधा दुसरीकडे बघू लागतं. जणू विषय संपला. आठ महिन्यांच्या आसपास तेच बाळ रुमाल ओढून खुळखुळा काढतं. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांवर केलेल्या अशा निरीक्षणांचं पुस्तक १९३७ साली आलं. दिसेनाशी झालेली वस्तू असतेच, ही समज बाळाला हळूहळू येते, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८५ मध्ये रेने बायार्जाँ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या समजेची सुरुवात पाच महिन्यांतही दिसते. लपवलेल्या खोक्यातून पडदा आरपार गेल्यासारखा दाखवला, की बाळं त्या अशक्य दृश्याकडे जास्त वेळ बघत राहिली. म्हणजे डोळ्यांना आधी कळतं, त्या समजेवर हात मागाहून चालतात. मतभेद काहीही असोत, दहा महिन्यांच्या तुमच्या मुलीला बंद दारामागे आई आहे हे पक्कं ठाऊक आहे. पूर्वी तुम्ही नजरेआड झालात की तिच्या लेखी काही हरवत नव्हतं. आता हरवतं, म्हणून ती दाराशी येते.

तिची अडचण पुढेच आहे. आई आहे हे तिला कळतं, पण कुठे आहे आणि कधी येईल हे कळत नाही. याचा एक साधा प्रयोग घरीही करता येतो. उजव्या रुमालाखाली खेळणं दोन-तीनदा लपवा आणि तिला काढू द्या. मग तिच्या डोळ्यांदेखत तेच खेळणं डाव्या रुमालाखाली ठेवा आणि क्षणभर तिचे हात धरून मग सोडा. या वयाची पुष्कळ बाळं पुन्हा उजवाच रुमाल उचलतात. अ‍ॅडेल डायमंड यांच्या अभ्यासात साडेसात महिन्यांच्या बाळांना चुकवायला दोनेक सेकंदांची वाट पुरेशी होती, आणि वर्षाच्या सुमारास तोच अवधी दहा सेकंदांपर्यंत लांबला होता. काळाचा हिशोब असा सेकंदांत असणाऱ्या बाळाला "दुपारी येते हं" या वाक्याचा अर्थ लागणं शक्य नाही. आईची आठवण आहे, पण परतीचा अंदाज नाही. यालाच सेपरेशन अँक्झायटी म्हणतात. साधारण दहा ते अठरा महिन्यांत ती सर्वांत जोरात असते. भाषा आली, "नंतर" म्हणजे काय ते थोडं समजू लागलं, की ती ओसरते.

आता बुवा-कुककडे, म्हणजे तोंड लपवून पुन्हा दाखवण्याच्या खेळाकडे वळू. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. जेरोम ब्रूनर आणि व्ही. शेरवूड यांनी १९७६ साली या खेळावर एक निबंध लिहिला. आया आणि बाळं हा खेळ कशी खेळतात ते पाहून त्यांनी त्याचा सांगाडा मांडला : आधी नजरानजर, मग लपणं, मग दिसणं, आणि मग पुन्हा जवळीक. एवढंच पक्कं असतं, बाकी सगळं बदलतं. पदर असो की उशी, आई लपो की बाळ, थांबणं लांब असो की आखूड, क्रम तोच. १९८९ मध्ये पॅरट आणि ग्लाइटमन यांनी सहा ते आठ महिन्यांच्या बाळांशी खेळताना मधूनच लबाडी केली. लपणारी व्यक्ती एक आणि बाहेर येणारी दुसरीच, किंवा व्यक्ती तीच पण भलत्या जागी. अशा वेळी बाळं कमी हसली. हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो, कारण आपण समजतो की बाळ दचकून हसतं. खरं तर मनाशी बांधलेला अंदाज बरोबर आला म्हणून ते हसतं.

म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर : चोरपावलांनी जाऊ नका. त्यात खेळाचा पहिला भागच गळून पडतो. नजरानजर नाही, जाणं दिसत नाही, आई एकदम गायब. तिला त्यातून कळतं ते इतकंच की आई कधीही, न सांगता नाहीशी होऊ शकते. मग ती घरीही तुमच्यावर पहारा ठेवते. सासूबाईंचं निरीक्षण चुकीचं नाही, रडू खरंच टळतं. पण ते पुढे ढकललं जातं आणि तुम्ही तिथे नसताना येतं. त्यांना तसं सांगताना "आई, तुम्ही म्हणता ते खरं आहे, फक्त ते रडू नंतर तुमच्या वाट्याला येतं" असं म्हणून बघा. हे त्यांना पटेल, कारण त्यांनी ते अनुभवलेलं असेल.

हाताशी असलेल्या या महिन्यात खेळच थोडा थोडा ताणायचा. पहिले काही दिवस तोंडावर ओढणी, दोन-तीन सेकंद, आणि आतून आवाज चालू : "आई कुठे गेली?" आवाज थांबवू नका, कारण न दिसणाऱ्या आईचा तेवढाच पुरावा तिच्याकडे असतो. ओढणी ओढायला तिला द्या. आई परत आणण्याचं काम तिच्या हातात आलं की खेळाचा रंग पालटतो. ती स्वतःच ओढणी तोंडावर घेऊन थांबायला लागली, तर फार छान. लपण्याची बाजूही तिला कळू लागली आहे.

मग दाराआड जा. सासूबाईंच्या मांडीवर ती, तुम्ही चौकटीमागे, आवाज चालू, पाच सेकंद. नंतर दुसऱ्या खोलीत. नंतर आवाज मधेच थांबवून. फार झालं हे तिच्या तोंडावरून ओळखता येतं. आधी हसू जातं आणि चेहरा गंभीर होतो, नजर दारावर खिळते. मग ती जवळच्या मोठ्या माणसाकडे वळून बघते, आणि त्यानंतर खालचा ओठ बाहेर येतो. गंभीर चेहऱ्यापर्यंत चालेल, तिथे काही शिकणं होत असतं. ओठ बाहेर यायच्या आत परत या, आणि पुढच्या वेळी अवधी थोडा कमी करा. भुकेच्या किंवा झोपेच्या वेळी हा सराव नकोच.

शेवटच्या टप्प्यात खेळातून खऱ्या जाण्यावर या. "आई येते हं, टाटा," एक पापी, आणि कचरा टाकायला जाऊन परत. वाक्य आणि कृती रोज तीच ठेवा. रडली तरी निरोप लांबवू नका. दारातून तीनदा वळून येणारी आई बाळाला गोंधळात टाकते, कारण ती गेली की नाही हेच कळत नाही. परत आल्यावर मात्र घाई नको. आधी खाली बसून नजर मिळवा, जवळ घ्या, मग चप्पल, फोन वगैरे.

परतीवर माझा एवढा भर का, तेही सांगते. मेरी एन्सवर्थ यांच्या प्रसिद्ध प्रयोगात वर्ष-दीड वर्षाच्या मुलांना आई जास्तीत जास्त तीन मिनिटं सोडून जाते, आणि मूल फार रडलं तर त्याआधीच परत येते. जाताना मूल किती रडलं यापेक्षा, आई आल्यावर ते तिच्याकडे जातं का आणि तिच्या कुशीत शांत होतं का, याला त्यांनी जास्त महत्त्व दिलं. जपानमधल्या सप्पोरोत हाच प्रयोग झाला तेव्हा तिथली बाळं खूपच रडली. आईपासून दूर राहायची वेळ त्यांच्यावर क्वचितच आलेली होती. परदेशातल्या आपल्या पुष्कळ घरांत दिवसभर आई आणि बाळ दोघंच असतात, तेव्हा तुमची मुलगी इतरांपेक्षा मोठ्यांदा रडली तर लगेच कसला निष्कर्ष काढू नका.

डेकेअरला पहिल्या दिवशीच पूर्ण वेळ सोडू नका. पहिले दोन-तीन दिवस तासभर तुम्हीही तिथेच बसा. मग सांगून दहा-पंधरा मिनिटं बाहेर जा, पण हाकेच्या अंतरावर राहा. तिथल्या ताईंच्या कडेवर ती थोड्या वेळात शांत झाली तर दुसऱ्या दिवशी वेळ वाढवा. नाही झाली तर आत या आणि एक-दोन दिवस थांबून पुन्हा प्रयत्न करा. संध्याकाळी तुम्हाला बघून ती रडली किंवा तिने तोंड फिरवलं, तर ते तुमच्यावर रागावणं नाही. दिवसभर आवरून धरलेलं ती तुमच्यापाशी मोकळं करते.

हे सगळं सासूबाई असतानाच सुरू करा. आजी जाणं आणि डेकेअर लागणं एकाच आठवड्यात नको. आजींनीही न सांगता विमानतळ गाठू नये. घरीच, गडबड सुरू व्हायच्या आत, त्यांनी तिला जवळ घेऊन टाटा करावा. मात्र इथे खेळ पुरा पडत नाही, हे मान्य करायला हवं. आजी काही मिनिटांनी दाराआडून येणार नाहीत. ती काही दिवस त्यांच्या खोलीत जाऊन बघेल. तेव्हा "येईल हं आत्ता" म्हणू नका, "आजी घरी गेली" म्हणा. व्हिडिओ कॉलवर आजींना बुवा-कुक खेळायला सांगा, पण आवाज आणि चित्र उशिरा पोचत असेल तर खेळाचा ठेका मोडतो आणि ती कंटाळते. मुलगी टॅबलेटच्या मागे वाकून आजीला शोधू लागली, तर शोधू द्या.

हा खेळ म्हणजे उपचार नव्हे. रोज खेळलं की सेपरेशन अँक्झायटी अमुक दिवसांत जाते, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. डेकेअरला बरेच आठवडे होऊनही ती तिथे खात-झोपत नसेल किंवा कोणाच्याच कडेवर शांत होत नसेल, तर डॉक्टरांशी बोला. याची दुसरी बाजू पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने बाळाच्या वाढीच्या टप्प्यांची यादी केली आहे; तिच्यात नऊ महिन्यांसाठी 'बुवा-कुक खेळताना हसतं' आणि 'तुम्ही गेल्यावर प्रतिक्रिया देतं' हे दोन्ही टप्पे आहेत. त्यामुळे नऊ महिने उलटूनही बाळ या खेळाला हसत नसेल, नावाने हाक मारल्यावर बघत नसेल आणि कोणीही गेलं तरी त्याला काहीच वाटत नसेल, तर 'शांत बाळ आहे' म्हणून सोडून न देता पुढच्या भेटीत विचारा. बाळ मुदतीआधी जन्मलेलं असेल, तर हे सगळे महिने प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजा.