स्पॅनिशमधले नकार मोजू नका

'नो तेंगो नादा' म्हणजे 'माझ्याकडे काहीच नाही'. ते वाचून 'माझ्याकडे काही नाही असं नाही' असं लिहिलंत, तर अर्थ थेट उलटा झाला. स्पॅनिशमध्ये क्रियापदाआधी 'नो' आला की त्यानंतर येणारे नादा म्हणजे 'काही नाही', नादिए म्हणजे 'कोणी नाही', नुंका म्हणजे 'कधी नाही' हे शब्द त्याच नकाराला दुजोरा देतात, तो खोडत नाहीत.

हे वाक्य घ्या: 'नो ले दिहे नुंका नादा आ नादिए'. नकारार्थी शब्द चार, नकार एकच. मराठीत 'मी कधीच कोणाला काहीच सांगितलं नाही'. आपला 'च' इथे फार कामाचा: जोर तो देतो, नकार एकटा 'नाही' सांभाळतो. इंग्रजीत मात्र एकच नकारार्थी शब्द ठेवा आणि बाकीचे 'एनी'वाले करा: 'आय नेव्हर टोल्ड एनिवन एनिथिंग'. 'आय डोन्ट हॅव नथिंग' बोलीत चालतं, पण प्रमाण इंग्रजीत ते चूक ठरतं आणि काही वाचक त्यातून 'काहीतरी आहे' असाही अर्थ काढतात.

नकार खरोखर कापले जातात ते दोन क्रियापदांना आपापला 'नो' असेल तेव्हा. 'नो पुएदो नो इर' म्हणजे 'मला न जाऊन चालणार नाही', म्हणजे जावंच लागेल. म्हणून अनुवादाआधी प्रत्येक 'नो' कोणत्या क्रियापदाचा आहे ते शोधा. नादा-नादिए त्या मोजणीत धरू नका.