डॉक्टर म्हणतात डायग्नोसिस स्पष्ट आहे, पण प्रोग्नोसिस आत्ताच सांगता येणार नाही. वडील आयसीयूत आहेत. दोन्हींत फरक काय, आणि डॉक्टर काही लपवतायत का?

लपवत नसावेत. डायग्नोसिस म्हणजे निदान: आत्ता शरीरात काय झालंय, ते. ते फोटोत दिसतं, रक्तात सापडतं. प्रोग्नोसिस म्हणजे इथून पुढे काय होण्याची शक्यता किती. ते कुठल्याही मशीनमध्ये दिसत नाही. पुस्तकांत त्याला पूर्वानुमान म्हणतात, पण हॉस्पिटलात हा शब्द मी कुणाच्या तोंडी ऐकला नाही. तिथे 'पुढचं सांगता येत नाही' किंवा 'पुढचे 72 तास महत्त्वाचे' असं म्हणतात. तुमच्या डॉक्टरांनी किमान दोन वेगळे शब्द तरी वापरले. मला हा फरक कळायला बाबा जावे लागले, म्हणून एवढं लिहायला बसले आहे.

बाबा 74 वर्षांचे होते. एका सकाळी त्यांचं बोलणं अचानक असंबद्ध झालं आणि उजवा हात लुळा पडला. हॉस्पिटलात पोचल्यावर सीटी स्कॅन झाला आणि अर्ध्या तासाच्या आत निदान हातात होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला, खोलवर रक्तस्राव. डॉक्टरांनी स्क्रीनवरचा पांढरा डाग दाखवला. तो साधारण 6 सेंटीमीटर लांब, 4 रुंद आणि साडेतीन उंच होता. या तिघांचा गुणाकार करून निम्मा केला की रक्ताचं प्रमाण ढोबळमानाने मिळतं, म्हणजे 42 मिलिलिटर. थोडं रक्त मेंदूच्या आतल्या पोकळ्यांतही उतरलं होतं.

मी हे सगळं पाठ केलं. प्रत्येक नातेवाइकाला फोनवर तेच सांगितलं: डावी बाजू, 42 मिलिलिटर, पोकळीत रक्त. सांगताना मला वाटायचं की मला सगळं माहीत आहे. खरं तर मला एकच गोष्ट माहीत होती, ती म्हणजे काय झालंय. पुढे काय, हे मी एकदाही विचारलं नाही. आजाराचं नाव आणि आकार कळला की पुढचं त्यातच आलं, असं मी धरून चालले होते.

रोज सकाळी मी डॉक्टरांना एकच विचारायचे, "आज रिपोर्ट कसा आहे?" रोज उत्तर यायचं, "स्टेबल आहेत." हा शब्द नीट समजून घ्या, कारण माझा सगळा घात त्यानेच केला. स्टेबल म्हणजे सुधारतायत असं नाही. स्टेबल म्हणजे कालच्यासारखेच आहेत. बाबांचा दुसऱ्या दिवशीचा स्कॅन पहिल्याइतकाच होता, डाग वाढला नव्हता. रक्तदाब औषधांनी ताब्यात होता. व्हेंटिलेटर कालच्याच आकड्यांवर चालू होता. हे सगळं खरं होतं, डॉक्टर एक अक्षरही खोटं बोलले नव्हते. मी आजचं विचारत होते आणि ते मला आजचंच सांगत होते. फार वाईट अवस्थेतला माणूसही अगदी स्टेबल असू शकतो.

पाचव्या दिवशी मी कामावर परत गेले. स्टेबल आहेत म्हटल्यावर थांबून काय करणार, असा माझा हिशोब होता. अकराव्या दिवशी फुफ्फुसांतला संसर्ग हाताबाहेर गेला आणि बाबा गेले. मी पोचले तेव्हा उशीर झाला होता.

नंतर फाइल आवरताना मला एक कागद सापडला. एका जुन्या फॉर्मच्या मागे दादाच्या अक्षरात काही ओळी होत्या, पहिल्या रात्रीच्या. डॉक्टरांनी त्याला आत बोलावून पुढचं सांगितलं होतं आणि त्याने ते लिहून घेतलं होतं. शुद्ध 9, म्हणून एक गुण. रक्त 30 मिलिलिटरच्या वर, एक गुण. पोकळीत रक्त, एक गुण. एकूण 3. त्याखाली नुसता '72' हा आकडा आणि शेवटी आणखी एक ओळ.

मेंदूतल्या रक्तस्रावासाठी ही एक ठरलेली गुणपद्धत आहे. शुद्ध किती आहे (3 ते 15 या मोजपट्टीवर), रक्त किती आहे, ते पोकळीत उतरलंय का, ते मेंदूच्या खालच्या भागात आहे का आणि वय 80 किंवा त्याहून जास्त आहे का, असे पाच प्रश्न आणि त्यांचे मिळून 0 ते 6 गुण. ती 2001 साली 152 रुग्णांच्या नोंदींवरून मांडली गेली. त्या नोंदींत 3 गुण असलेल्यांपैकी 72 टक्के रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावले होते. दादाच्या कागदावरचा आकडा तो होता.

आता हा आकडा काय सांगतो आणि काय नाही, ते बघा. बाबांची 72 टक्के शक्यता त्यांच्या शरीरात कुठे नोंदलेली नव्हती. बाबांसारख्या शंभर जणांचा विचार केला तर सुमारे 28 जण महिना काढतील, एवढंच त्यातून कळतं. बाबा त्या 28 मधले की उरलेल्या 72 मधले, हे पहिल्या रात्री कुणालाच माहीत नव्हतं. शिवाय हा आकडा फक्त जगण्या-मरण्याबद्दल बोलतो. जगले तर बोलतील का, उजवा हात हलेल का, स्वतः जेवतील का, याबद्दल त्यात एक शब्द नाही. दादाच्या कागदावरची शेवटची ओळ त्याबद्दलच होती: 'वाचले तरी बोलणं व उजवी बाजू येणं कठीण.' माझ्या लेखी ती ओळ 72 पेक्षा महत्त्वाची होती. बाबा फार बोलके होते.

मी दादाला विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तुला सांगून काय झालं असतं? रोग बदलणार होता का?" चार वर्षं झाली, आमचं भांडण अजून याच वाक्यावर अडलेलं आहे. रोग बदलणार नव्हता, मान्य. पण मी पाचव्या दिवशी गेले नसते. निदानावरून उपचार ठरतात, ते डॉक्टरांच्या कामाचं. घरच्यांनी रजा किती टाकायची, कुणाला बोलावून घ्यायचं, कुणी रात्री थांबायचं, हे सगळं पूर्वानुमानावरून ठरतं. त्याने माझ्याकडून नेमकं तेच काढून घेतलं. आईलाही त्याने सांगितलं नव्हतं.

तुमच्याकडे परत येते. डॉक्टर 'आत्ताच सांगता येणार नाही' म्हणतायत, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत तेच प्रामाणिक उत्तर असू शकतं. मेंदूतल्या रक्तस्रावाचंच उदाहरण घ्या. पहिल्या काही तासांत रक्त आणखी वाढू शकतं, म्हणून स्कॅन पुन्हा करतात. झोपेचं औषध चालू असेल तर शुद्ध किती आहे हे धड मोजता येत नाही. बाबांच्या बाबतीत तर बोलण्याचा भागच दुखावला होता, त्यामुळे ते शब्द बोलत नव्हते ते बेशुद्धीमुळे की त्या इजेमुळे, हेही वेगळं काढता येत नव्हतं.

याहून मोठं कारण आणखी एक आहे. पहिल्याच रात्री 'आशा नाही' असं ठरवलं की उपचार आखडते घेतले जातात. मग रुग्ण जातो आणि अंदाज खरा ठरल्यासारखा दिसतो, पण तो खरा ठरवलेला असतो. 72 सारख्या आकड्यांतही अशी लवकर सोडून दिलेली माणसं मिसळलेली असतात. म्हणून या आजारात उपचार मर्यादित करण्याचा नवा निर्णय किमान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत घेऊ नये, असं मार्गदर्शक सूचनांत सांगितलेलं आहे. दादाला डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं. म्हणजे त्याला 'जाणार' असं कुणी म्हटलंच नव्हतं. 'फार अवघड आहे, दोन दिवस पूर्ण प्रयत्न करू, मग बोलू,' एवढंच म्हटलं होतं. हे वाक्य मला झेपलं नसतं असं त्याला का वाटलं, ते मला आजही कळत नाही.

पण चौथ्या-पाचव्या दिवशीही तेच उत्तर येत असेल, तर प्रश्न बदला. "बरे होतील ना?" असं विचारू नका. त्याला डॉक्टर 'बघू या' याशिवाय काय म्हणणार? असं विचारा: "सगळं चांगलं झालं तर तीन महिन्यांनी हे कसे असतील? वाईट झालं तर काय होईल? आणि या दोन्हींत तुम्हाला जास्त शक्यता कशाची वाटते?" शेवटचा भाग सोडू नका, खरं उत्तर तिथेच मिळतं. 'जगतील का' आणि 'कसे जगतील' हे प्रश्न वेगवेगळे विचारा. आणि तरीही 'सांगता येत नाही' म्हणाले तर विचारा, "तुम्ही कशाची वाट बघताय?" दुसऱ्या स्कॅनची, झोपेचं औषध बंद करून पाहण्याची, संसर्ग उतरण्याची, काहीतरी ठोस सांगतील. ते कळलं की पुन्हा कधी विचारायचं तेही कळतं. पूर्वानुमान एकदा सांगून संपत नाही. निदान तेच राहिलं तरी ते दर दोन-चार दिवसांनी सरकत जातं, कधी चांगल्या बाजूला, कधी वाईट.

हे आधी सांगायला हवं होतं: तुमच्या वडिलांना काय झालंय ते मला माहीत नाही. वरचे गुण फक्त मेंदूतल्या रक्तस्रावाचे आहेत, गुठळीमुळे झालेल्या पक्षाघाताला किंवा हृदयाच्या, कॅन्सरच्या आजाराला ते लावू नका. रक्तस्राव असला तरी घरी बसून बेरीज करत बसू नका. शुद्ध मोजणं हे सरावाचं काम आहे आणि एका गुणाने आकडा कुठल्या कुठे जातो. वडील शुद्धीवर असतील तर त्यांना स्वतःबद्दल किती ऐकायचंय हे आधी त्यांनाच विचारा. ते नको म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे. दादाच्या बाजूने एवढंच म्हणेन की त्या रात्री तो आत एकटा होता आणि त्याने ते अकरा दिवस एकट्याने वाहिलं. पण बाबा बेशुद्ध होते. नको म्हणण्याचा हक्क त्यांचा होता, तो दादाने आमच्या वतीने वापरला.

तेव्हा डॉक्टर बोलावतील तेव्हा दोघं-तिघं मिळून आत जा, आईलाही न्या. एकच जण जाऊ शकत असेल तर त्याने प्रत्येक वाक्य कागदावर लिहून आणावं आणि बाहेर आल्याबरोबर सगळ्यांना जसंच्या तसं वाचून दाखवावं. दादाने लिहिलं होतं अगदी नीट, वेळेसकट, रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटं. त्या वेळी मी बाहेर बाकावर बसून कुणाला तरी फोनवर 42 मिलिलिटर सांगत होते.