पन्नाशीनंतर रिक्रुटरला मेल: वयाचा विषय काढायचा की नाही?

प्रश्न: वय ५३. क्वालिटीत २७ वर्षं, चाकणचा प्लांट बंद झाला. रिक्रुटर मॅडम फोनवर म्हणाल्या, "सर, प्रोफाइल छान आहे, पण क्लायंट एजबद्दल विचारणार." आता त्यांना मेल पाठवायचाय. वयाचा विषय मीच काढू की गप्प बसू? नेमकं काय लिहू?

उत्तर:

'वय' हा शब्द मेलमध्ये आणू नका, पण त्या शब्दामागे जे तीन-चार प्रश्न असतात त्यांची उत्तरं त्याच मेलमध्ये द्या. हे मी दीड वर्षापूर्वी आपटून शिकलो. तेव्हा मी ५४ चा होतो, क्षेत्र तुमचंच, राहायला चिंचवडला.

माझा पहिला मेल आज वाचला तरी कसंतरी होतं. 'ऑटो क्षेत्रातला २९ वर्षांचा समृद्ध अनुभव', 'नवीन शिकण्याची आवड', 'तरुणांच्या बरोबरीने काम करतो'. वर आणखी, 'प्रकृती उत्तम, दर रविवारी पर्वती चढतो'. असा मेल अकरा जणांना गेला आणि दोघांचं उत्तर आलं, दोन्ही नकार. त्यातल्या एक बाणेरच्या कन्सल्टंट. त्यांना मी फोन करून सरळ विचारलं, की माझं चुकतंय कुठे? त्या हसल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही पर्वतीचं लिहिलंत म्हणून मी तुमचं वय बघायला रिझ्युमे उघडला."

मग त्यांनी जे सांगितलं ते आधी कळलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. कन्सल्टंटला पैसे उमेदवार रुजू झाल्यावर मिळतात. आपल्याकडची नेहमीची रीत म्हणजे वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, थोडक्यात एक महिन्याचा पगार. आणि माणूस साधारण तीन महिन्यांच्या आत सोडून गेला तर दुसरा माणूस फुकटात द्यावा लागतो. त्यामुळे क्लायंटचा एचआर 'एज' म्हणतो तेव्हा कन्सल्टंटबाईला ऐकू येतं ते असं: हा माणूस हाताने काम करेल का, की फक्त सह्या करेल? दहा-पंधरा वर्षांनी लहान बॉसचं ऐकेल का? पगार परवडेल का? आणि टिकेल का? ह्यातल्या एकाही प्रश्नाला 'शिकण्याची आवड आहे' हे उत्तर होत नाही. तिला तुमच्याकडून चार ओळी हव्या असतात, जशाच्या तशा उचलून क्लायंटला पाठवता येतील अशा.

माझा दुसरा मेल खाली देतो. मूळ इंग्रजीत होता, इथे मराठीत उतरवलाय.

> विषय: प्लांट क्वालिटी मॅनेजर, चाकण: एपी पद्धतीच्या पीएफएमईएचं ताजं काम, लगेच रुजू होऊ शकतो
>
> नमस्कार मॅडम,
>
> काल बोलल्याप्रमाणे क्लायंटला पाठवण्यासाठी माहिती देत आहे.
>
> मागचे चार महिने भोसरीतल्या एका वेल्डिंग युनिटचं काम केलं. त्यांचा आरपीएनवर चालणारा जुना पीएफएमईए एआयएजी-व्हीडीए पद्धतीत नेला. १४ प्रोसेस, १६१ ओळी. आरपीएन १०० च्या खाली म्हणून मिटवलेल्या ११ ओळी नव्या तक्त्यात 'हाय' निघाल्या. त्यातल्या सात ठिकाणी फिक्स्चरवर पोकायोके बसवून झाले. शीट मी स्वतः भरली.
>
> रोजचा रिजेक्शन डेटा एक्सेलच्या पॉवर क्वेरीत जोडला. हे ह्याच वर्षी शिकलो, तिथल्या ज्युनियर इंजिनियरकडून. पॉवर बीआयमध्ये रिपोर्ट वाचता येतो, बनवता येत नाही.
>
> ह्या कामात मी ३४ वर्षांच्या प्लांट हेडना रिपोर्ट करत होतो. ते बोलायला तयार आहेत.
>
> शेवटचा पगार २४ लाख होता. ह्या पदाची १८ ते २० ची मर्यादा मला मान्य आहे. घरकर्ज फिटलेलं आहे आणि पुणे सोडायचं नाही. नोटीस पिरियड नाही.

बास, एवढंच. मोबाइलवर दोनदा अंगठा फिरवला की संपतो.

आता पहिल्या परिच्छेदाकडे जरा थांबून बघा, कारण सगळं वजन तिथे आहे. तुम्ही क्वालिटीतले, त्यामुळे तुम्हाला ठाऊक असणार, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो. एफएमईए म्हणजे कुठे काय बिघडू शकतं त्याची यादी, प्रोसेसची केली की पीएफएमईए. पोकायोके म्हणजे चूक होऊच न देणारी सोय. पूर्वी प्रत्येक ओळीला गांभीर्य, वारंवारता आणि पकडीत न येण्याची शक्यता असे १ ते १० चे तीन आकडे देऊन गुणाकार करायचा. तोच आरपीएन. बहुतेक कंपन्यांत १०० ही न लिहिलेली रेघ असायची, तिच्या वर गेलं तरच कारवाई. २०१९ मध्ये अमेरिकन एआयएजी आणि जर्मन व्हीडीए ह्या वाहन उद्योगातल्या संघटनांचं एकत्रित हँडबुक आलं आणि गुणाकार गेला. त्याऐवजी तक्ता बघून हाय, मीडियम किंवा लो ठरवायचं. ह्याला अॅक्शन प्रायॉरिटी म्हणतात, म्हणजेच एपी.

फरक किती पडतो ते दोन ओळींत दिसतं. एका वेल्डची ओळ होती: गांभीर्य ९, वारंवारता ४, पकड २. गुणाकार ७२, म्हणजे जुन्या हिशोबात निवांत. नव्या तक्त्यात ती हाय. दुसरी ओळ ५, ५, ५. गुणाकार १२५, म्हणून जुन्या टीमने तिच्यावर दोन महिने घालवलेले. नव्या तक्त्यात ती लो. जीवाशी खेळ होऊ शकणारी ओळ कपाटात आणि रंगाच्या ओरखड्यावर मीटिंगा, असा तो प्रकार होता.

मेलमध्ये ही ओळ का टाकायची? आपल्या वयाच्या माणसाच्या रिझ्युमेत 'आरपीएन १८० वरून ६० वर आणला' असं असतं. माझ्याही होतं. लिहिताना अभिमान वाटतो, पण समोरच्या पस्तिशीतल्या इंजिनियरला त्यातून एकच गोष्ट कळते, की गडी २०१९ च्या आधी थांबला. त्याला तुमची जन्मतारीख बघायचीही गरज पडत नाही. कंट्रोल प्लॅनचंही तेच. २०२४ मध्ये तो एपीक्यूपीच्या, म्हणजे नव्या उत्पादनाच्या गुणवत्ता नियोजनाच्या पुस्तकातून वेगळा काढून त्याचं स्वतंत्र मॅन्युअल झालं. जुन्या आवृत्तीचा उल्लेख रिझ्युमेत कुठे राहून गेला असेल तर आजच बदला, आणि बदलण्याआधी नवं मॅन्युअल उघडून वाचा. नुसता आकडा बदललात तर इंटरव्ह्यूत पहिल्या पाच मिनिटांत उघडे पडाल.

मला ते नेमकं विचारलंही. पॅनेलवरच्या मुलाने शीट स्क्रीनवर टाकली आणि म्हणाला, "सर, एक हाय ओळ दाखवा जी आरपीएनने सुटली असती." मी ती ७२ वाली ओळ सांगितली. पुढची वीस मिनिटं आम्ही फिक्स्चरवरच बोलत होतो.

'पॉवर बीआय येत नाही' हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि दोनदा परत घातलं. बायको म्हणाली, कशाला स्वतःहून सांगायचं? पण त्या एका नकारामुळे बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो, असं त्या कन्सल्टंटबाईंनी नंतर सांगितलं. माझी खरी स्थिती अशी होती की जुन्या नोकरीत पिव्होट टेबल ज्युनियर बनवायचा आणि मी प्रिंटवर सही करायचो. पॉवर क्वेरी मी शिकलो ती भोसरीत त्या पंचविशीतल्या मुलाशेजारी स्टूल टाकून. तीन आठवडे तो मला 'काका' म्हणायचा, मग एकदा माझी रिफ्रेश न होणारी फाइल दुरुस्त करताना वैतागून 'अहो सर, पाथ बदललाय' म्हणाला, तेव्हा बरं वाटलं.

पगाराच्या ओळीत कारण द्यायला विसरू नका. नुसतं 'कमी चालेल' म्हटलं की समोरच्याला वाटतं, बरं मिळालं की हा पळणार. 'घरकर्ज फिटलंय' हे तीन महिन्यांच्या भीतीवरचं उत्तर आहे. तुमचं कारण वेगळं असेल, पण खरं असू द्या, कारण ते पुन्हा तोंडी विचारतात.

रिझ्युमेतून डिग्रीचं साल उडवायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. जॉब पोर्टलवर जन्मतारीख भरलेलीच असते, आणि रिकामी जागा बघून लोक ती आधी शोधतात. ईमेल आयडीतलं जन्मसाल मात्र काढा. (माझ्या आयडीत '६९' होतं, वीस वर्षं लक्षात आलं नाही.)

हा मेल सगळीकडे चालत नाही. काही क्लायंट जागा काढतानाच '४५ च्या आत' असं सांगून ठेवतात, तिथे कितीही नेमकं लिहिलंत तरी तुमचं नाव पुढे जात नाही. म्हणून मेल पाठवण्याआधी फोनवर विचारून घ्या, "मॅडम, क्लायंटची वयाची पक्की अट आहे, की फक्त शंका आहे?" तुमच्या मॅडमनी 'विचारणार' म्हटलंय, 'चालणार नाही' असं म्हटलेलं नाही. मी दुसरा मेल सात ठिकाणी पाठवला. तिघांनी बोलावलं, एका ठिकाणी जमलं, १९ लाखांवर. बॉस ३८ चा आहे.

तुमच्याकडे मागच्या सहा महिन्यांतलं असं एकही काम नसेल तर मेल आठवडाभर थांबवा. जुन्या कंपनीची शीट वापरू नका, ती गोपनीय असते आणि इंटरव्ह्यूत ते ओळखतात. ओळखीच्या कुणाचं भोसरी-चाकणला लहान युनिट असेल तर तिथे जाऊन एकाच प्रोसेसचा पीएफएमईए एपी पद्धतीत करून द्या, फुकट करावा लागला तरी. वीस-पंचवीस ओळी होतील. त्यातली एखादी तरी तुमच्या मेलची पहिली ओळ होईल.