मिस्सेला पाहुणे म्हणून जाताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

नाताळ आणि लग्नसराई जवळ आली की आमच्याकडे एकाच तऱ्हेचे प्रश्न येतात. कॅथलिक शेजाऱ्याकडचं किंवा ऑफिसातल्या मित्राकडचं बोलावणं असतं, चर्चमधल्या उपासनेत, म्हणजे मिस्सेत, कसं वागायचं ते ठाऊक नसतं आणि विचारलं जातं ते आदल्या रात्री. ही उत्तरं वसई-मुंबईकडच्या कॅथलिक चर्चपुरती आहेत. पुण्या-नगरकडच्या प्रोटेस्टंट चर्चची उपासना वेगळी असते, त्यामुळे तिथल्यासाठी तिथल्याच माणसांना विचारा.

चर्चमध्ये चपला काढाव्या लागतात का? डोक्यावर पदर घ्यायचा का?

साधारणपणे चपला काढत नाहीत. पण दाराशी चपलांची रांग दिसली तर आपल्याही काढाव्यात. पदराची सक्ती नाही. पुरुषांनी टोपी काढावी, पगडी आणि फेटा चालतो.

मैत्रिणीच्या मुलीचं लग्न आहे. साडी नेसून, टिकली लावून गेले तर चालेल ना? जाऊबाई म्हणतात, मंगळसूत्र पदराखाली झाकावं लागतं.

साडी, टिकली, मंगळसूत्र सगळं चालतं. जाऊबाईंना हे कुणी सांगितलं कोण जाणे. वसईच्या जुन्या कुटुंबांतल्या बायकांच्या गळ्यातही तुम्हाला मंगळसूत्र दिसेल. उघडे खांदे आणि तोकडे कपडे तेवढे टाळा. पांढरा पोशाख बहुधा नवरीचा असतो, म्हणून दुसरा रंग निवडा.

दाराशी भिंतीला पाण्याचं छोटं भांडं असतं. ते तीर्थ म्हणून प्यायचं का?

नाही. ते आशीर्वादित पाणी आहे. त्यात बोट बुडवून क्रुसाची खूण करतात. तुम्ही तसंच पुढे गेलात तरी कुणाला वाईट वाटणार नाही. दिवसभरात शेकडो बोटं त्या भांड्यात बुडतात, हेही लक्षात असू द्या.

सगळे सारखे उठतात, बसतात, गुडघे टेकतात. आम्ही काय करायचं?

मागच्या बाकावर बसा आणि पुढचे उठले की उठा. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा भाग, वाचताना सगळे उभे राहतात, तेव्हा तुम्हीही उभे राहा. गुडघे टेकायच्या वेळी शांत बसून राहिलात तरी पुरे. पुढच्या बाकाला खाली जोडलेली गादीची फळी गुडघ्यांसाठी असते. पाहुणे तिच्यावर बुटांसकट पाय ठेवतात आणि मागाहून त्याच जागी कुणाची तरी पांढरी पँट टेकते. मध्येच सगळे एकमेकांना शांती देतात, तेव्हा शेजाऱ्याला हात जोडून नमस्कार करा. क्रुसाची खूण करायची गरज नाही. दानाची पिशवी पुढे आली तर इच्छा असेल ते टाका, नसेल तर पुढे द्या.

लग्नाच्या मिस्सेत सगळे रांगेने पुढे जाऊन प्रसाद घेतात. आपण नाही घेतला तर यजमानांचा अपमान होतो ना? सासूबाईंसाठी घरी थोडा आणता येईल का?

अपमान होत नाही आणि घरी आणता येत नाही. आता जरा सविस्तर सांगते, कारण मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते.

फादर देतात ती गव्हाच्या पिठाची आणि पाण्याची, खमीर नसलेली चकती असते. नाण्याहून थोडी मोठी, कागदासारखी पातळ. वेदीवरच्या प्रार्थनेनंतर ती ख्रिस्ताचं शरीर होते, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. 'ख्रिस्ताचे शरीर' असं म्हणून फादर ती पुढे धरतात आणि घेणारा 'आमेन' म्हणतो, म्हणजे आपण हे मानतो अशी कबुली देतो. घेण्याआधी तासभर काही खायचं नसतं. मोठं पाप घडलं असेल तर आधी पापनिवेदन करावं लागतं. त्यामुळे बसून राहणारे कॅथलिकही प्रत्येक मिस्सेत असतात. तुम्ही बसलात म्हणून कुणी वळून बघत नाही.

आता घोटाळा कसा होतो ते बघा. आमच्याकडच्या एका लग्नात नवरदेवाच्या ऑफिसातल्या बाई दुसऱ्या बाकावर बसल्या होत्या. स्वयंसेवकाने बाक मोकळा करायची खूण केली, शेजारचे उठले, त्याही उठल्या. पुढच्याने हात पसरला तसा त्यांनीही पसरला. चकती हातात पडली. त्यांनी ती टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये, पेढ्याच्या डबीशेजारी ठेवली, घरच्या नातवासाठी. मागून येणाऱ्या मुलीने ते पाहिलं आणि स्वयंसेवकाला सांगितलं. त्याने बाकापाशी जाऊन हळूच ती परत मागितली. पुढे ती पाण्यात पूर्ण विरघळू दिली आणि ते पाणी सांडपाण्यात न सोडता मातीत ओतलं. एरवी उरलेल्या चकत्या वेदीजवळच्या छोट्या कपाटात कुलपात असतात आणि शेजारी दिवा सतत तेवत असतो. खाली पडली तरी उचलून ती जागा पाण्याने पुसतात. बाई बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. त्यांचा हेतू चांगलाच होता. चुकलं ते बोलावणाऱ्यांचं, आधी एका वाक्यात सांगायला हवं होतं.

तेव्हा रांग सुरू झाली की बाकावरच बसा. कडेला बसला असाल तर पाय आवरून इतरांना वाट द्या. चुकून रांगेत गेलातच तर हात पसरू नका, मान हलवून बाजूला व्हा. चकती हातात पडलीच तर खिशात घालू नका, तिथल्या तिथे फादरांना परत द्या. काही चर्चमध्ये छातीवर हात आडवे ठेवून पुढे गेलं की फादर नुसता आशीर्वाद देतात. पण ही पद्धत सगळीकडे नाही, आधी विचारून घ्या. 'सगळेच घेतात, काही होत नाही' असं सांगणाऱ्या मित्रांचं ऐकू नका. वरवधूंपैकी एक कॅथलिक नसेल तर बहुधा मिस्सा नसतेच, फक्त विवाहविधी होतो. पण तेही यजमानांकडून पक्कं करून घ्या.

भाचा कॅथलिक मुलीशी लग्न करतोय. फोटोग्राफर म्हणतो, 'चर्च पॅकेज' घ्या, वेदीवर चढून क्लोजअप काढून देतो. खरं का?

पैसे देण्याआधी चर्चच्या ऑफिसात विचारा. वेदीवर कोणी चढायचं, फ्लॅश कधी बंद, ड्रोन चालतो का, हे फादर ठरवतात, फोटोग्राफर नव्हे. जे आपल्या हातात नाही तेच हे लोक ज्यादा पैसे लावून विकतात. मग ऐन विधीत फादर थांबतात आणि सगळं चर्च त्या कॅमेऱ्याकडे बघत बसतं. पाहुण्यांनीही मोबाईल खाली ठेवावा.

शेजाऱ्यांना 'हॅपी गुड फ्रायडे' असा मेसेज पाठवला तर उत्तरच आलं नाही. का?

तो येशूच्या मृत्यूचा दिवस आहे, कॅथलिक त्या दिवशी उपवास करतात. शुभेच्छा ईस्टरला द्या.

सहकाऱ्याच्या वडिलांचं निधन झालंय, मिस्सा उद्या सकाळी दहाला. काळे कपडे हवेत का? हार न्यावा का? काय बोलायचं?

निदान आज विचारलंत. काळ्याची सक्ती नाही. पांढरे किंवा फिके, साधे कपडे घाला. हाराऐवजी फुलांचा गुच्छ बरा. काही घरी फुलं नको म्हणून आधीच कळवतात, तेव्हा निरोप नीट वाचा. 'देव त्यांना चिरशांती देवो' एवढं बोललात तरी पुरे. 'आत्मा पुढच्या जन्मी सुखी होवो' म्हणू नका, पुनर्जन्म ते मानत नाहीत. दफनभूमीत घरच्यांनी आधी माती टाकली की मागोमाग तुम्हीही मूठभर टाकू शकता. उदबत्ती आपणहून लावू नका. दहावं-तेरावं कधी असंही विचारू नका. बहुतेक घरी सातव्या दिवशी आणि महिन्याने मिस्सा असते. वेळ सहकाऱ्याला न विचारता त्याच्या एखाद्या नातेवाइकाला विचारा, सहकाऱ्याला उद्या दुसरीच कामं असतील.