माझा रंग सावळा आहे, केस काळे, चेहरा गोल. चष्म्याची फ्रेम कोणत्या रंगाची घ्यावी? दुकानदार म्हणतोय ब्राऊनच शोभेल.

ब्राऊन घेऊ नका. निदान त्याने समोर ठेवली असेल ती, तुमच्या रंगाच्या जवळपास जाणारी ब्राऊन तर नकोच.

हे इतकं ठामपणे लिहितेय कारण दुकानदाराचं हे वाक्य मी स्वतः पंधराव्या वर्षी ऐकलंय, आणि पुढे साताऱ्यात काकांच्याच चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहून वर्षानुवर्षं ऐकत आलेय. काकांकडे फ्रेमचे ट्रे लावलेले असायचे. गिऱ्हाईक गोरं असेल तर निळ्या, वाइन, पारदर्शक फ्रेमचा ट्रे बाहेर यायचा. सावळं असेल तर ब्राऊन आणि सोनेरी. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आतच ट्रे ठरलेला असे. ही पद्धत काकांनी काढलेली नाही, मी ती इतर दुकानांतही पाहिलीय. तुमच्याही दुकानदाराने तेच केलंय.

दहावीत माझा नंबर मायनस साडेपाच झाला तेव्हा काकांनी मला फिकट ब्राऊन शेलची, म्हणजे जाड प्लास्टिकची, फ्रेम दिली. म्हणाले, "बाळ, रंगात रंग मिसळला की चष्मा डोळ्यांवर येत नाही." हॉल तिकिटावरचा माझा फोटो अजून आहे. त्यात मी तापातून उठल्यासारखी दिसते. घरात सगळ्यांनी त्याचं खापर अभ्यासाच्या जागरणांवर फोडलं. मला मात्र आरशातही तेच दिसायचं, आणि नऊ वर्षं मला वाटत राहिलं की माझा चेहराच तसा आहे.

खरं कारण मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घेणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं. साडीच्या रंगाचं कापड मिळालं नाही, तर एक शेड इकडेतिकडे असलेलं कापड कोणी घेत नाही, सरळ कॉन्ट्रास्ट घेतात. कारण जवळजवळ सारखे दोन रंग शेजारी आले की नजर त्यांची तुलना करते आणि त्यातला एक मळका दिसायला लागतो. पॅरिसच्या गोबेलँ गालिचा कारखान्यात रंगखात्याचे प्रमुख असलेल्या शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती की काळी लोकर फिकी दिसते. त्यांनी तपासलं तर रंग नीट होता, बिघडवत होते ते शेजारचे रंग. त्यावर त्यांनी 1839 मध्ये ग्रंथ लिहिला. आपल्या त्वचेचा रंगही मुळात ब्राऊनच्याच घरातला. अर्ध्या शेडने वेगळी ब्राऊन फ्रेम त्यावर ठेवली की दोघांपैकी एक मळकं दिसणार, आणि फ्रेम नवी, चकचकीत असते, म्हणून मळकी दिसते ती त्वचा.

हे मला कळलं ते 2005 च्या उन्हाळ्यात, लोडशेडिंगमुळे. दुपारी वीज गेली, दुकानात अंधार. एक बाई फ्रेम बघत होत्या, म्हणून मी ट्रे आणि हातातला आरसा घेऊन त्यांना दारात, सावलीत बसवलं. त्या गेल्यावर मी स्वतःच तिथे बसले आणि एकेक फ्रेम लावून बघितली.

आधी माझीच ब्राऊन. आत आरशावर पिवळ्या हॅलोजनचे दिवे होते. त्या उजेडात ती मधासारखी दिसायची. दारात ती मातकट होती आणि तिच्याखाली माझे गाल राखाडी दिसत होते. मग चकचकीत काळी लावली. केस काळे, भुवया काळ्या, त्यामुळे वरची कड छान बसली, पण खालची कड डोळ्यांखालच्या काळसर भागावर आली आणि तो दुप्पट गडद झाला. पातळ सोनेरी धातूची रंगाने सुंदर दिसत होती, खरंच. पण साडेपाचची काच कडेला जाड असते आणि पातळ धातूच्या बाहेर तिच्या पांढऱ्या कडा दिसत राहतात, म्हणजे रंग शोभला तरी चष्मा शोभत नाही. वाइन रंगाची लांबून उत्तम, जवळून मात्र तिची लालसर झाक डोळ्यांखाली पडत होती, रडून आल्यासारखी.

शेवटी बाटलीहिरवी. गडद, चकाकी कमी, शेलची. लावली आणि मला आधी माझे डोळे दिसले, फ्रेम नंतर. डोळ्यांतला पांढरा भाग स्वच्छ वाटत होता, ओठांचा रंग दिसत होता. जाड कडा शेलमध्ये झाकल्या गेल्या होत्या. मी तिथे बराच वेळ बसले होते. माझा चेहरा काही वेगळा झाला नव्हता, आजारी मात्र दिसत नव्हता.

काका म्हणाले, "लग्नाच्या वयात हा असला रंग? सावळ्या माणसाने नजरेत भरेल असं घालू नये." मी विचारलं, का घालू नये? त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मिसळून जाणं म्हणजे शोभणं, असं ते धरून चालले होते. फ्रेमने माणूस लपला पाहिजे ही अपेक्षा गोऱ्या गिऱ्हाइकाकडून त्यांनी कधीच केली नाही. मी पगारातून पैसे भरून ती फ्रेम घेतली. हा वाद आमच्यात आजही मिटलेला नाही.

तर आता तुम्ही काय करायचं? दुकानात जाताना पांढरा किंवा फिकट साधा कपडा घाला, कारण गळ्याजवळच्या भडक रंगाची झाक चेहऱ्यावर पडते. चार-पाच फ्रेम निवडा आणि दाराशी या, उन्हात नव्हे, सावलीतल्या उजेडात. आरसा हाताच्या अंतरावर नको, तीन-चार फूट लांब ठेवा, कारण लोक तुम्हाला तेवढ्या अंतरावरून बघतात. फ्रेम लावताना डोळे मिटा, मग उघडा. पहिली नजर फ्रेमवर गेली तर रंग जास्त आहे. डोळ्यांखाली गेली तर रंग चुकला आहे. डोळ्यांवर गेली तर ती फ्रेम घेण्यासाठी वेगळी काढून ठेवा. नंबर मोठा असेल आणि रिकाम्या फ्रेममधून आरशात नीट दिसत नसेल तर सोबतच्याला चार-पाच फुटांवरून फोटो काढायला सांगा. सेल्फी नको, जवळच्या कॅमेऱ्यात नाक मोठं दिसतं आणि फ्रेमही. फोनमधलं ब्युटी मोड बंद करा, ते त्वचा उजळ करतं आणि मग रंग जुळवायला काही उरतच नाही.

मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या ते बघून रंग ठरवा, असं कोणी सांगितलं तर सोडून द्या. सावळ्या त्वचेवर त्या शिरा बऱ्याचदा धड दिसत नाहीत. त्यापेक्षा एक सोनेरी आणि एक गनमेटल, म्हणजे गडद राखाडी धातूच्या रंगाची, फ्रेम दारात आळीपाळीने लावा. सोनेरीने चेहऱ्यावर तजेला आला तर बाटलीहिरवा, तांब्याचा, गडद कॉफी या बाजूला बघा. गनमेटल बरं वाटलं तर गडद निळा, जांभळट, कोळशाचा रंग. दोन्ही सारखेच वाटले तर त्वचेची चिंता सोडा आणि भुवया बघा. तुमचे केस काळे आहेत म्हणजे भुवयाही गडद असणार, त्यामुळे गडद फ्रेम तुम्हाला पेलेल. फक्त वरची कड भुवईच्या रेषेवर किंवा किंचित खाली येऊ द्या. भुवई आणि काळी कड यांच्यात बोटभर अंतर राहिलं की दोन-दोन भुवया दिसतात.

गोल चेहऱ्याचं सगळे सांगतात ते, कोपरे असलेली फ्रेम घ्या, बरोबरच आहे. त्यात रंगाची भर एवढीच की वरचा भाग गडद आणि खालचा फिकट किंवा पारदर्शक असलेली दुरंगी फ्रेम गोल चेहऱ्याला चांगली. नजर वरच्या कोपऱ्यांकडे जाते, गालावर दुसरा गोल उमटत नाही. डोळ्यांखाली काळं असेल तर त्याचाही फायदा. अख्खी पारदर्शक फ्रेम मात्र मायनस तीन-चारच्या पुढे घेऊ नका, काचेची जाड कड त्यातून तशीच दिसते.

तुमचा नंबर, वय काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून काही गोष्टी जोडते. ब्राऊन सरसकट वाईट नाही. तुमच्या त्वचेपेक्षा स्पष्ट दोन शेड गडद असलेली कॉफी ब्राऊन, किंवा काळ्यात मध मिसळल्यासारखी ठिपक्यांची, जिला आम्ही दुकानात डेमी म्हणतो, ती सावळ्या रंगावर फार छान दिसते. आणि केस पांढरे झाले की हिशोब बदलतो. माझे निम्मे पिकलेत, रंगवत नाही. जुनी बाटलीहिरवी आता चेहऱ्यावर एकटी पडल्यासारखी जड दिसते, म्हणून गेल्या वर्षी मी फिकट निळसर राखाडीवर आले.

आणि काकांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या त्या ब्राऊन फ्रेमच्या काडीवर आतून 54□18 लिहिलेलं होतं. पहिला आकडा म्हणजे एका काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये. माझ्या चेहऱ्याला आणि त्या नंबरला 48 किंवा 50 पुरे होते. मोठ्या काचेमुळे कडा जाड झाल्या, वजनाने चष्मा नाकावरून घसरायचा आणि खालची कड गालावर टेकायची. काका म्हणतात की तू वाईट दिसत होतीस ती मापामुळे, रंगामुळे नव्हे. थोडं मापामुळेही होतं, हे मी मान्य करते. पण लोडशेडिंगच्या त्या दुपारी मी लावलेल्या ब्राऊन आणि काळ्या फ्रेम दोन्ही 54 च्याच होत्या, आणि गाल राखाडी फक्त एकीनेच केले.

मागच्या महिन्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नव्या नंबरसाठी त्यांना मी दारात बसवलं आणि गडद निळी फ्रेम लावली. रंग माझ्यासारखाच, केस आता पूर्ण पांढरे. त्यांनी आरसा बराच वेळ धरला. मग विचारलं, "ब्राऊनमध्ये आहे का हीच?" होती. तीही लावली, परत निळी लावली, आणि निळी माझ्या हातात देत म्हणाले, "हिच्यात काच टाक. हलकी आहे ही."

वजन दोन्हींचं सारखंच होतं.